प्रेक्षकांच्या हातात काय द्यावे?

वाचकाचे पत्र

“मी आठवड्यातून तीन दिवस, रोज दोन तास ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर खेळ दाखवतो. साधारण 40 ते 50 प्रेक्षक असतात आणि चॅट सांभाळायला माझी धाकटी बहीण असते. प्रेक्षकांनी नुसते पाहू नये, खेळात उतरावे, अशी माझी इच्छा आहे. मागच्या महिन्यात सर्वांना चित्र काढता येईल असा एक खेळ ठेवला, तर दहा मिनिटांत कोणीतरी पडद्यावर अश्लील चित्र आणले. त्याच रात्रीच्या रेकॉर्डिंगचा मोठा भाग गाण्यामुळे मूक झाला. प्रेक्षकांना भाग घेता येईल, एका माणसाला सांभाळता येतील आणि संगीतामुळे अडचणीत आणणार नाहीत, असे कोणते खेळ निवडू?”

उत्तर

खेळांची नावे पुढे सांगतोच, पण त्याआधी तुमच्या बहिणीच्या मनावरचे ओझे उतरवू द्या, कारण त्या रात्री तिच्या हातून काहीही चुकलेले नाही. चॅटमधला वाईट शब्द यंत्र अडवू शकते, माणूस पुसू शकतो. चित्राचे तसे नसते. ते रेघ-रेघ करत पडद्यावर येते आणि ते काय आहे हे कळेपर्यंत सर्वांनी पाहिलेले असते. शिवाय अशा बहुतेक खेळांत प्रेक्षक ट्विचच्या चॅटमधून येतच नाहीत. ते वेगळ्या संकेतस्थळावर जाऊन बोटाने रेघोट्या ओढतात, आणि तुम्ही चॅटला लावलेली ऑटोमॉडची चाळणी, बंदी घातलेल्या शब्दांची यादी, दोन संदेशांमधले सक्तीचे अंतर, यांतले काहीही तिथे पोहोचत नाही. बहीण पुढच्या दारावर पहारा देत होती आणि माणसे मागच्या दाराने आत येत होती.

म्हणून खेळ निवडताना सर्वांत आधी विचारावे ते एवढेच, की या खेळात प्रेक्षक पडद्यावर नेमके काय आणू शकतो आणि ते कोणत्या दाराने येते. काही खेळांत तो केवळ एक आकडा टाकू शकतो, काहींत शब्दकोशातला एखादा शब्द, काहींत मनात येईल ते वाक्य, तर काहींत चित्र किंवा स्वतःचा आवाज. या क्रमाने पुढे जावे तसे मॉडरेटरचे काम वाढत जाते आणि प्रत्येक पायरीला ते आधीच्या पायरीपेक्षा बरेच जड होते. एकच मॉडरेटर असताना संध्याकाळचा बहुतेक वेळ पहिल्या दोन पायऱ्यांवर घालवावा, तिसऱ्या पायरीवर मोजक्या वेळासाठी आणि बंदोबस्त करून जावे, आणि चौथी पायरी सध्या सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या दोन तासांची मांडणी त्याच हिशेबाने करून दाखवतो.

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे ‘मार्बल्स ऑन स्ट्रीम’ला द्या. यात प्रेक्षकाने चॅटमध्ये `!play` असे लिहिले, की त्याच्या नावाची एक गोटी शर्यतीत उतरते, आणि मग सगळ्या गोट्या उतारावरून, वळणांवरून, फिरत्या अडथळ्यांतून गडगडत खाली येतात. प्रेक्षकाला याहून अधिक काही करता येत नाही, आणि हाच या खेळाचा मोठा गुण आहे. कौशल्य लागत नाही, नियम समजावत बसावे लागत नाही, उशिरा आलेला माणूस पुढच्या फेरीत सहज मिसळतो आणि आपली गोटी तिसरी चालली आहे हे दिसताच एरवी गप्प बसणारी माणसेही चॅटमध्ये लिहू लागतात. शिवाय भाग घेण्याचे दार चॅटच असल्यामुळे चॅटवर बंदी घातलेला माणूस खेळातूनही आपोआप बाहेर राहतो.

इथे एकच फट उरते, ती वापरकर्त्याच्या नावाची. गोटीबरोबर नाव दिसते आणि शर्यत संपल्यावर विजेत्यांच्या यादीत ते मोठ्या अक्षरांत येते. एका मैत्रिणीच्या चॅनलचे मॉडरेशन मी बराच काळ पाहिले आहे. तिथे एकदा अक्षरांच्या जागी आकडे घालून केलेली एक शिवी गोटीचे नाव होऊन पहिल्या क्रमांकावर आली होती. आकड्यांच्या आडोशामुळे ती चॅटमध्ये कोणाच्या लक्षात आली नव्हती, विजेत्याच्या फलकावर मात्र प्रत्येकाने वाचली. तेव्हापासून मी शर्यत सुरू होण्यापूर्वी उतरलेली नावे एकदा वरपासून खालपर्यंत वाचून काढतो. 40 नावांना अर्धे मिनिट पुरते. बहिणीला हेच एक काम द्या आणि तिने होकार दिल्याशिवाय शर्यत सोडू नका.

त्यानंतरचा तासभर ‘स्ले द स्पायर’साठी ठेवा. हा पत्त्यांच्या डावासारखा पाळीपाळीने खेळायचा खेळ आहे, 2019 साली तो पूर्ण स्वरूपात आला आणि ट्विचच्या चॅटकडून मतदान घेण्याची सोय त्यात आहे. समोर दोन-तीन पर्याय येतात, प्रेक्षक आपल्या पर्यायाचा क्रमांक चॅटमध्ये टाकतात आणि बहुमताने निर्णय होतो. कोणता पत्ता घ्यायचा, नकाशावर कोणत्या वाटेने जायचे, समोर आलेल्या प्रसंगात काय करायचे, हे सारे त्यांच्या हाती जाते. पडद्यावर मात्र आकड्यांपलीकडे त्यांचे काहीच येत नाही. मनात कितीही खोडसाळपणा असला, तरी ‘दोन’ या आकड्यातून शिवी देता येत नाही.

पाळीपाळीचाच खेळ का, याचेही एक कारण आहे. तुमच्या पडद्यावरचे दृश्य प्रेक्षकापर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात, जोडणी संथ असेल तर दहा-पंधरासुद्धा. धावण्याच्या किंवा नेमबाजीच्या खेळात तेवढ्या वेळात प्रसंग होऊन गेलेला असतो आणि प्रेक्षकाचा सल्ला शिळा होतो. पाळीच्या खेळात घड्याळ तुमच्यासाठी थांबते. तरीही मतदानाची मुदत ठरवताना हा उशीर धरायलाच हवा. पर्याय दिसायला पाच-सहा सेकंद, तीन पत्ते वाचून ठरवायला दहा, आकडा लिहून पाठवायला तीन-चार, असा हिशेब केला, तर 15 सेकंदांची मुदत प्रेक्षकांवर अन्याय करते आणि 30 सेकंदांची बरोबर बसते. मुदत तोकडी पडते आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. निकाल लागल्यानंतरही चॅटमध्ये आकडे येतच राहिले, तर ती माणसे मतदान चुकवत आहेत असे समजावे.

याची दुसरी बाजूही आधीच मोजून ठेवा. मनोरा चढण्याचा हा पूर्ण डाव तीन अंकांचा, म्हणजे टप्प्यांचा, आणि साधारण 50 मजल्यांचा असतो. प्रत्येक मजल्यावर सरासरी दोन मतदाने धरली, तर शंभर मतदाने होतात आणि प्रत्येकी 30 सेकंद म्हणजे निव्वळ वाट पाहण्यातच 50 मिनिटे जातात, लढाया वेगळ्या. एका तासात डाव संपणार नाही, हे गृहीत धरून पहिला अंक संपला की थांबा, डाव जतन करून ठेवा आणि पुढच्या दिवशी तिथूनच उचला. तुमच्या आठवड्यातल्या तीन दिवसांना ही विभागणी छान बसते आणि आपण निवडलेल्या पत्त्यांचे पुढे काय झाले हे पाहायला तीच माणसे पुन्हा येतात.

मतदानाच्या काळात चॅटच्या कोणत्या सोयी वापराव्यात आणि कोणत्या नाहीत, हे बहिणीला लिहूनच द्या, कारण गडबडीत चुकीची सोय लावली की खेळच बंद पडतो. ट्विचवर या आज्ञा चॅटच्याच चौकटीत लिहायच्या असतात.

```
/slow 5
/followers 10m
/emoteonly
```

पहिल्या आज्ञेने एका माणसाच्या दोन संदेशांमध्ये पाच सेकंदांचे अंतर पडते. मतदानाला त्याने बाधा येत नाही, म्हणून ती संध्याकाळभर चालू ठेवली तरी चालेल. दुसऱ्या आज्ञेने किमान दहा मिनिटांपासून तुमचा अनुयायी असलेल्यालाच लिहिता येते. उपद्रवी टोळी आली तर हा उत्तम उपाय आहे, पण त्या वेळी नुकताच आलेला सज्जन प्रेक्षकही मत देऊ शकत नाही, म्हणून गरज सरताच `/followersoff` लिहून ती काढून टाकावी. तिसरीने केवळ इमोट, म्हणजे छोटी भावचित्रे, पाठवता येतात, म्हणजे आकडे थांबतात आणि मतदानही थांबते. तुम्हाला काही मिनिटे डाव थांबवायचाच असेल, तरच ती वापरावी.

इथे कोणी तुम्हाला सांगेल, की मतदानाऐवजी प्रेक्षकांना थेट आज्ञाच देऊ द्या, म्हणजे अधिक मजा येईल. 12 फेब्रुवारी 2014 रोजी सुरू झालेल्या ‘ट्विच प्लेज पोकेमॉन’मध्ये नेमके हेच केले होते. चॅटमधली प्रत्येक आज्ञा खेळातल्या पात्राला लागू होत असे, आणि खेळ पूर्ण व्हायला 16 दिवस लागले. त्याही प्रयोगात पुढे बहुमताची पद्धत जोडावी लागली, कारण हजारो हात एकाच वेळी सुकाणू धरू लागले की काही अवघड जागा पार होईनात. तिथली मजा त्या प्रचंड गर्दीची होती. 40 माणसांत हट्टाने उलट आज्ञा देणारे दोघे पुरेसे होतात आणि मग बहिणीला दिवसभर त्यांच्याच मागे फिरावे लागते. मतदानात तीच दोन मते इतरांच्या मतांत विरून जातात.

शेवटची 30 मिनिटे वाक्यांच्या खेळासाठी ठेवावीत, कारण प्रेक्षकांचा विनोद बाहेर यायला आकडे पुरे पडत नाहीत आणि ती भूक खरी आहे. यासाठी जॅकबॉक्सच्या ‘पार्टी पॅक’ या खेळसंचांमधला ‘क्विपलॅश’ घ्या. खेळ तुमच्याकडे असला की पुरे, बाकीच्यांनी विकत घ्यावा लागत नाही. ते आपल्या फोनवर jackbox.tv उघडतात, तुमच्या पडद्यावरचा चार अक्षरी संकेत टाकतात आणि एखाद्या अर्ध्या वाक्याला चटपटीत उत्तर लिहितात. दोघांची उत्तरे समोरासमोर येतात आणि बाकीचे मत देतात. खेळाडूंच्या जागा आठच असतात. त्या भरल्या की पुढे येणारे ‘ऑडियन्स’ म्हणून दाखल होतात आणि उत्तर न लिहिता केवळ मत देतात.

हा शेवटचा नियम नीट लक्षात घेतला, तर तुमचा निम्मा प्रश्न सुटतो. वाक्य लिहिणारे आठच आणि मत देणारे बाकी सर्व, म्हणजे मोकळ्या शब्दांची पायरी आठ माणसांपुरती आणि आकड्यांची पायरी उरलेल्यांसाठी. तेव्हा ते आठ जण कोण असतील, हे तुम्ही ठरवा, संकेत आधी कोणी वाचला यावर सोडू नका. सेटिंगमध्ये संकेत लपवण्याची सोय असेल तर ती लावा. ती नसेल, तर ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या त्या कोपऱ्यावर एखादे चित्र ठेवून तो झाका. मग नेहमीच्या, ओळखीच्या आठ प्रेक्षकांना खासगी संदेशाने संकेत पाठवा. आठही नावे पडद्यावर दिसली आणि डाव सुरू झाला की झाकण काढा आणि बाकीच्यांना मतदानासाठी बोलवा. दर आठवड्याला आठातले चौघे बदलत जावे, म्हणजे जागा ठरावीक टोळक्याच्या होत नाहीत आणि सभ्यपणे वागणाऱ्याला खेळाडू होण्याची आशा राहते.

जॅकबॉक्सच्या सेटिंगमध्ये आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे कुटुंबासह पाहण्याजोग्या मजकुराची निवड. ती जरूर लावा, पण तिच्यावर विसंबू नका. तिच्यामुळे खेळ स्वतः विचारत असलेले प्रश्न सौम्य होतात, माणसांनी लिहिलेली उत्तरे नव्हेत, आणि हा फरक न कळल्यामुळे बरेच जण फसतात. दुसरी म्हणजे वेळ वाढवण्याची सोय. प्रक्षेपणातल्या उशिरामुळे ती जवळजवळ सक्तीचीच समजा. तिसरी सोय तुमच्या बहिणीसाठी आहे. अलीकडच्या पॅकमधील अनेक खेळांत मॉडरेशन चालू करता येते. मॉडरेटरला वेगळा संकेत मिळतो, खेळाडूंची उत्तरे आधी तिच्या पानावर येतात आणि तिने मान्य केल्यावरच ती पडद्यावर जातात. पॅक विकत घेण्यापूर्वी त्यातल्या कोणत्या खेळांत ही सोय आहे हे तपासा, आणि ज्यात ती नाही तो खेळ तुमच्यासाठी नाही असे समजा. नाकारलेल्या उत्तरामुळे फेरी थोडी पांगळी होते, हे खरे, पण पडद्यावर येऊन गेलेले वाक्य परत घेता येत नाही आणि रेकॉर्डिंगमध्येही ते राहतेच.

अजून एक दार बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. देणगी किंवा सदस्यत्वासोबत आलेला संदेश यांत्रिक आवाजात वाचून दाखवण्याची सोय तुम्ही लावली असेल, तर तो आवाज कोणत्याही खेळात, कोणत्याही क्षणी, कोणाचेही वाक्य बोलून दाखवू शकतो. बहीण जॅकबॉक्सच्या पानावर उत्तरे तपासत असताना हे दुसरे दार तिला पाहता येणार नाही. त्या 30 मिनिटांत तरी ती सोय बंद ठेवावी.

आता संगीताकडे वळू. ‘स्ट्रीमर मोड’ हे शब्द दिसले की निर्धास्त होऊ नका, कारण प्रत्येक खेळात त्यांचा अर्थ वेगळा असतो. 2021 साली आलेल्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ या खेळात या सोयीमुळे परवान्यावर घेतलेली प्रसिद्ध गाणी बंद होतात. ‘अमंग अस’मध्ये मात्र त्याच नावाची सोय खोलीचा संकेत लपवते आणि संगीताशी तिचा काही संबंध नाही. सोय योग्य असली, तरी तिच्यात भोके असू शकतात. ‘सायबरपंक 2077’ हा खेळ 10 डिसेंबर 2020 रोजी बाजारात आला, तेव्हा त्यात परवान्यावर घेतलेली गाणी बंद करण्याची सोय होती. तरीही एका प्रकारच्या प्रसंगात एक गाणे वाजण्याचा धोका उरला होता आणि दुरुस्ती येईपर्यंत तिथे संगीत बंद ठेवावे, असे निर्मात्यांना स्वतःच जाहीर करावे लागले. त्यामुळे ज्या खेळात प्रसिद्ध गाणी मुळातच नाहीत, तो खेळ ती झाकणाऱ्या खेळापेक्षा केव्हाही बरा. गाड्यांच्या रेडिओवर खरी गाणी वाजणारे खेळ आणि गाण्याच्या तालावर नाचायचे खेळ तुमच्या यादीत नकोतच.

‘स्ले द स्पायर’चे संगीत त्या खेळासाठीच रचलेले आहे, म्हणून त्यात हा धोका कमी आहे. कमी म्हणतो, शून्य म्हणत नाही, आणि का ते सांगायला हवे. खेळाचे संगीत पुढे स्वतंत्र अल्बम म्हणूनही निघते. अल्बम वितरित करणारी संस्था कधी कधी तो यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’ या ओळख यंत्रणेत नोंदवते आणि मग निर्मात्यांनी परवानगी दिलेली असूनही यंत्र तुमच्या चित्रफितीवर दावा लावते. अशा वेळी घाबरून चित्रफीत काढून टाकू नये. खेळाच्या निर्मात्यांनी प्रक्षेपणाला आणि त्यातून होणाऱ्या कमाईला परवानगी देणारे जे पान प्रसिद्ध केलेले असते, त्याची तारखेसह प्रत आधीच जतन करून ठेवावी आणि दाव्याला हरकत घेताना तिचा आधार द्यावा. यूट्यूबवरचा असा दावा आणि हक्कधारकाच्या तक्रारीवरून तिथे चॅनलवर येणारा ठपका, म्हणजे कॉपीराइट स्ट्राइक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यामुळे बहुधा त्या चित्रफितीची कमाई दुसऱ्याकडे जाते किंवा ती काही ठिकाणी दिसत नाही. 90 दिवसांत तीन स्ट्राइक जमा झाले, तर संपूर्ण चॅनल जाण्याची वेळ येते.

ट्विचवर तुमच्या बाबतीत जे घडले, तेही असेच नीट समजून घ्या. 2014 सालापासून ट्विच जुन्या रेकॉर्डिंगमधली ओळखीची गाणी शोधून तो भाग मूक करते. हे यंत्राचे काम आहे आणि नुसत्या मूक होण्याने खात्यावर डाग लागत नाही. परंतु हक्कधारकाने स्वतः तक्रार केली, तर ती वेगळी कारवाई असते, आणि ती थेट प्रक्षेपणावर, रेकॉर्डिंगवर किंवा एखाद्या छोट्याशा क्लिपवरही होऊ शकते. म्हणून रेकॉर्डिंग मूक झाले याचा अर्थ प्रकरण मिटले असा घेऊ नका. त्या रात्रीच्या ज्या क्लिपांत ते गाणे आहे, त्या शोधून काढून टाका.

‘मार्बल्स’चे संगीत मी सरळ बंद करतो आणि शर्यतीच्या वेळी बोलतो. क्रिकेटच्या समालोचनासारखे बोलले, तर संगीताची उणीव जाणवतही नाही. तुम्हाला पार्श्वसंगीत हवेच असेल, तर ‘रॉयल्टी फ्री’ या शब्दांचा अर्थ आधी पक्का करा. त्यांचा अर्थ वाजवाल तितक्या वेळा पुन्हा पैसे द्यावे लागणार नाहीत, इतकाच आहे. ते संगीत फुकट आहे किंवा त्यावर कोणी दावा करणार नाही, असा नाही. परवाना ट्विचवरच्या थेट प्रक्षेपणाला लागू आहे का, हे त्यात लिहिलेले असायला हवे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात नाव देण्याची अट असेल, तर चॅनलच्या माहितीत रचनाकाराचे नाव, रचनेचे नाव आणि परवाना ठेवावा. व्यावसायिक वापराला मनाई असेल आणि तुमचे चॅनल कमाई करत असेल, तर ती रचना सोडून द्यावी. बदलांना मनाई करणारा परवानाही तुमच्या कामाचा नाही, कारण चालत्या दृश्याला संगीत जोडणे हाच त्या परवान्यांच्या भाषेत बदल ठरतो. जुन्या अभिजात रचनांबाबतही असाच गैरसमज आढळतो. दोनशे वर्षांपूर्वीची रचना सर्वांची असली, तरी गेल्या काही दशकांत एखाद्या वाद्यवृंदाने केलेले तिचे ध्वनिमुद्रण त्यांचे असते. आणि प्रेक्षकांच्या फर्माइशीने गाणी वाजवण्याची सोय असेल, तर ती आजच बंद करा, कारण ते तर आणखी एक उघडे दार आहे.

तुम्ही ओबीएस वापरत असाल, तर रेकॉर्डिंगमधून पार्श्वसंगीत वगळण्याची सोय त्यात आहे. Settings मधील Output मध्ये Advanced निवडले, की Streaming च्या भागात Twitch VOD Track असा पर्याय दिसतो. तो चालू करून दुसरा ट्रॅक निवडा. मग Advanced Audio Properties मध्ये मायक्रोफोन आणि खेळाचा आवाज यांना 1 आणि 2 अशा दोन्ही ट्रॅकवर खूण करा आणि संगीताला केवळ 1 वर. हे जमण्यासाठी संगीताचा स्रोत खेळापासून वेगळा पकडलेला असावा लागतो. विंडोजवर त्यासाठी Application Audio Capture वापरता येते. नेहमीची चूक अशी होते, की जुना Desktop Audio तसाच चालू राहतो, तो संगणकातला सगळाच आवाज उचलतो आणि संगीत त्याच्यामागून दुसऱ्या ट्रॅकवर शिरते. पाच मिनिटांचे चाचणी प्रक्षेपण करा आणि त्याचे रेकॉर्डिंग ऐका. संगीत ऐकू आले, तर Desktop Audio मूक करायचा राहिला आहे असे समजा. या सोयीने रेकॉर्डिंग वाचते, थेट प्रक्षेपणात ते गाणे वाजवण्याचा हक्क मात्र मिळत नाही. म्हणून हक्क नसलेली गाणी वाजवण्यासाठी तिचा उपयोग करू नका. परवाना असूनही यंत्र चुकीने अडवते, तेवढ्यासाठीच ती ठेवा.

यापुढे कोणताही नवा खेळ आणण्यापूर्वी एक चाळणी लावा. खेळ प्रक्षेपित न करता अर्धा तास खेळा, संगीत नेहमीच्या पातळीवर ठेवा आणि ओबीएसमध्ये ते रेकॉर्ड करा. सुरुवातीचा पडदा, एखादी मोठी लढाई आणि श्रेयनामावली यांत असायलाच हवी, कारण परवान्यावर घेतलेले एकुलते एक गाणे बरेचदा सुरुवातीला किंवा श्रेयनामावलीतच दडलेले असते. ती फीत यूट्यूबवर खासगी म्हणून चढवा. चढवताना Checks नावाची पायरी येते, तिथे कॉपीराइटची अडचण असेल तर ती दाखवली जाते. ट्विचची ओळख यंत्रणा वेगळी असल्यामुळे इथे काही न सापडणे म्हणजे पूर्ण हमी नव्हे. पण इथेच काही सापडले, तर तो खेळ संगीत बंद करून दाखवता येतो का ते पाहावे, आणि तसे करता येत नसेल तर तो आणू नये.

काही आठवड्यांनी ‘मार्बल्स’चा कंटाळा आला, तर ऑगस्ट 2022 मध्ये आलेला ‘कल्ट ऑफ द लॅम्ब’ पाहा. त्यात सोडतीतून निवडलेला प्रेक्षक पंथातला एक अनुयायी होतो, त्याचे रूप दिलेल्या पर्यायांतून निवडतो आणि पुढे कितीतरी दिवस तुमच्या वस्तीत वावरतो. इथेही पडद्यावर येते ते त्याचे नाव आणि त्याने केलेली निवड, म्हणून नावे आधी वाचून घेण्याचे बहिणीचे काम तेवढे चालू राहील.